मिनिटाला आठ पावले जास्त: नडगी दुखते तेव्हा धावण्यात नेमके काय बदलायचे

"दादा, नडगी लय दुखून राहिली. धावाचं का थांबाचं?"

भरतीची तारीख जवळ आली की हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतो. आमच्या तालुक्यात पहाटे साडेचारला डांबरी सडकेवर पोट्टे रांगेने धावताना दिसतात. कोणाच्या पायात झिजलेले कॅम्पस बूट, कोणी अनवाणी. पोलीस भरतीत पुरुषांचे १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत मारले तर २० पैकी २० गुण, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात घड्याळ असते. पाय जमिनीवर कसा पडतो इकडे फारसे कोणी पाहत नाही. पाहिले तरी मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओत ऐकलेले असते, "टाचेवर पडू नको, चवड्यावर धाव," आणि दुसऱ्या दिवशी पोरगा चवड्यावर धावू लागतो. पंधरा दिवसांत नडगी शांत होते आणि पोटरी धरते.

मी स्वतः हेच केले होते. भरतीच्या महिनाभर आधी एका आठवड्यात टाचेवरून चवड्यावर गेलो. दहाव्या दिवशी सकाळी खाटेवरून उतरताना टाचेमागची शीर अशी ताणली की संडासापर्यंत भिंत धरून गेलो. त्या वर्षीचे मैदान हुकले.

म्हणून हा लेख एकाच गोष्टीबद्दल आहे. केडन्स, कॉन्टॅक्ट टाइम आणि फूट स्ट्राइक ही तीन नावे एका दमात घेतली जातात, पण तिन्ही एका जातीची नाहीत. केडन्स आपण ठरवून बदलू शकतो. कॉन्टॅक्ट टाइम हा बहुतांशी परिणाम असतो. फूट स्ट्राइक बदलला तर भार नाहीसा होत नाही, एका अवयवावरून दुसऱ्यावर जातो. नडगी किंवा गुडघा कुरकुरत असेल तर आधी केडन्सला हात घालायचा, तोही थोडा, आणि बाकीच्या दोघांवर नुसती नजर ठेवायची.

तीन शब्द, आपल्या भाषेत

केडन्स म्हणजे मिनिटाला पडणारी एकूण पावले, डावी-उजवी मिळून. वेग म्हणजे केडन्स गुणिले एका पावलाची लांबी. यापलीकडे वेगाचे सूत्र नाही. वेग तोच ठेवून पावले वाढवली तर प्रत्येक पाऊल आखूड होणारच.

कॉन्टॅक्ट टाइम म्हणजे एक पाऊल जमिनीला टेकल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ. सावकाश धावताना तो साधारण पाव सेकंद किंवा थोडा जास्त असतो, आणि शंभर मीटरच्या चांगल्या धावपटूचा पूर्ण वेगात सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. दोन पावलांच्या मधे दोन्ही पाय हवेत असतात, तो हवेतला वेळ. हे दोन वेळ मिळवले की एका पावलाचा पूर्ण वेळ होतो.

फूट स्ट्राइक म्हणजे पाऊल पहिल्यांदा कशावर टेकते: टाच, मधला तळवा की चवडा. यात चांगले-वाईट ठरवण्याआधी एक आकडा सांगतो. २००४ साली जपानमध्ये साप्पोरोच्या अर्धमॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरच्या खुणेपाशी कॅमेरा लावून २८३ चांगल्या धावपटूंची पावले तपासली, तर जवळपास तीनचतुर्थांश लोक टाचेवर पडत होते. टाच टेकणे हा दोष असता, तर एवढे तयारीचे लोक पंधरा किलोमीटर त्या वेगात आले नसते. पुढे पळणाऱ्या गटात मधल्या तळव्यावर पडणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते हेही खरे. पण ते जोरात धावत होते म्हणून तळव्यावर पडत होते, की तळव्यावर पडत होते म्हणून जोरात धावत होते, हे त्या व्हिडिओवरून ठरत नाही.

आधी मोजायचे

मोजल्याशिवाय काही बदलू नका. त्यासाठी हजारोंचे घड्याळ नको. स्लो मोशन असलेला मोबाइल, शेत मोजायची टेप, थोडा चुना आणि एक सोबती एवढे पुरते.

सपाट जागा शोधा. कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता उत्तम, जिल्हा परिषद शाळेचे मैदानही चालेल. काळ्या मातीची पांदण नको. पावसाळ्यात तिथे पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये घोटा मुरगळतो. शिवाय मऊ जमिनीवर पाऊल जास्त वेळ राहते, म्हणून मातीवरचा आकडा डांबरावरच्या आकड्याशी लावता येत नाही. आज जिथे मोजाल, महिन्यानेही तिथेच मोजा. डांबरी सडक कडेला उतरती असते, तिथे एक पाय खाली आणि एक वर पडतो; नाइलाज असेल तर जाता-येता दोन्ही दिशांनी मोजा.

टेपने १०० मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारा. दहा-बारा मिनिटे अंग मोकळे करून नेहमीच्या सावकाश वेगात या १०० मीटरमधून जा आणि सोबत्याला सेकंद मोजू द्या. किलोमीटरला साडेपाच मिनिटांचा वेग असेल तर १०० मीटरला ३३ सेकंद लागतात. हा वेग लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना याच वेगावर करायची आहे, कारण वेग वाढला की केडन्स वाढतो आणि कॉन्टॅक्ट टाइम आपोआप घटतो. दोन वेगांचे आकडे शेजारी मांडून "सुधारणा झाली" म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

केडन्स मोजायला ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा. ३९ वेळा पडला तर १५६. हे काम धावणाऱ्याने स्वतः करू नये. मोजताना आपण नकळत लय धरतो. सोबत्याने सायकलवरून बाजूने चालत मोजावे, आणि आधी न सांगता.

कॉन्टॅक्ट टाइमसाठी मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवा. रस्त्याच्या बाजूला, सहा-सात मीटर दूर, दोन विटा रचून गुडघ्याच्या उंचीवर, रस्त्याशी काटकोनात. सोबत्याच्या हातात मोबाइल दिला तर तो धावणाऱ्याबरोबर वळवतो आणि नडगीचा कोन चुकतो, म्हणून विटाच बऱ्या. २४० फ्रेमला उजेड भरपूर लागतो. पहाटेच्या अंधारात चित्र काळे येईल, तेव्हा सूर्य वर आल्यावर घ्या, पण ऊन तापायच्या आत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी सातच्या आधीच हे काम उरका.

मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा. पायाचा कोणताही भाग जमिनीला लागला ती पहिली फ्रेम, बोटे सुटली ती शेवटची. मधल्या फ्रेम मोजून २४० ने भागले की सेकंद मिळतात. साठ फ्रेम म्हणजे पाव सेकंद. एकाच पावलावर विसंबू नका, दोन्ही पायांची किमान सहा पावले घेऊन सरासरी काढा. एका फ्रेमची चूक म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी चार, म्हणून दोन-चार फ्रेमच्या फरकाला फारसा अर्थ नाही.

स्वस्त मोबाइलमध्ये एक गडबड असते. काही फोन २४० लिहितात, पण खरे टिपतात कमी आणि मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतात. फ्रेम सरकवताना पाऊल एकाच जागी दोन-तीनदा थांबलेले दिसले, किंवा पायाभोवती भुतासारखी दुसरी सावली दिसली, तर तो फोन या कामाचा नाही. साधा सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओही कॉन्टॅक्ट टाइमसाठी निरुपयोगी, कारण त्यात एकच फ्रेम ३३ हजारांशांची होते. पण पाऊल कुठे पडते ते त्यातही दिसते, आणि आपल्याला मुख्यतः तेच बघायचे आहे.

पाऊल टेकते ती एक फ्रेम

पाऊल जमिनीला लागते त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. टाच की चवडा हे नंतर. आधी नडगी पाहा. गुडघ्याच्या मधून सरळ खाली रेघ आहे असे समजा. घोटा त्या रेघेखाली आहे की पुढे गेला आहे? घोटा बराच पुढे असेल, नडगी मागे झुकलेली असेल आणि गुडघा जवळजवळ ताठ असेल, तर तुम्ही ढांग पुढे फेकत आहात. याला ओव्हरस्ट्राइड म्हणतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात कामाची फ्रेम हीच.

पाऊल शरीराच्या पुढे पडते तेव्हा जमीन त्याला मागे ढकलते. बैलगाडीच्या चाकापुढे दगड आला की गाडी क्षणभर अडते, तसे. शरीर पुढे जाऊन पावलाच्या वर येईपर्यंत हा ब्रेक लागलेला असतो, आणि गमावलेला वेग मग पाय मागे ढकलून परत मिळवावा लागतो. थोडा ब्रेक प्रत्येकाच्या प्रत्येक पावलात असतो. तो शून्य होत नाही. पाऊल जितके पुढे तितका तो मोठा, आणि तेवढे ओझे मांडीच्या पुढच्या स्नायूंनी गुडघ्याच्या वाटीवरून पेलायचे.

त्यात टाच आधी टेकली असेल तर आणखी एक काम वाढते. टाच टेकल्यावर पंजा फट्‌कन खाली आपटू नये म्हणून नडगीच्या पुढचा स्नायू त्याला लगाम लावत हळूहळू खाली सोडतो. पाऊल फार पुढे आणि पंजा फार वर असेल तर तो लगाम प्रत्येक पावलाला ओढावा लागतो. पहाटेच्या शांततेत काही पोरांच्या पावलांचा "फट्‌ फट्‌" आवाज शंभर फुटांवरून येतो. व्हिडिओच्या आधी मी तोच ऐकतो.

एका पोराचा हिशेब

मागच्या हिवाळ्यातला आमच्या गटातला एक पोरगा घेऊ. वजन ६२ किलो, १६०० मीटर ५ मिनिटे ५० सेकंदांत. नडगीच्या आतल्या बाजूला, खालच्या भागात, चार बोटे पसरलेली दुखी. सुरुवातीला दुखायचे, अंग तापले की कमी व्हायचे, संध्याकाळी परत. त्याच्या आठवड्यातले बहुतेक धावणे किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या वेगाने असायचे, म्हणून मोजणीही त्याच वेगावर केली.

केडन्स १५६ निघाला. या वेगात सेकंदाला ३.०३ मीटर अंतर आणि २.६ पावले, म्हणजे एक पाऊल साधारण १ मीटर १६ सेंटिमीटरचे. व्हिडिओत पाय जमिनीवर ६८ फ्रेम आणि हवेत २४ फ्रेम. म्हणजे कॉन्टॅक्ट टाइम ०.२८ सेकंद, हवेतला वेळ ०.१ सेकंद. टेकताना नडगी मागे साधारण १२ अंश झुकलेली, घोटा गुडघ्याच्या पुढे आठ सेंटिमीटर. टाचेवर पडत होता.

त्याला मी फक्त पावले पाच टक्के वाढवायला लावली: १५६ वरून १६४. ३० सेकंदांत उजवा पाय ३९ ऐवजी ४१ वेळा. वेग तोच, १०० मीटरला ३३ सेकंद. टाच-चवडा हा शब्दही काढला नाही.

पाच आठवड्यांनी त्याच कालव्याच्या रस्त्यावर परत मोजले. पाऊल १ मीटर ११ सेंटिमीटरचे, म्हणजे पाचेक सेंटिमीटर आखूड. जमिनीवर ६६ फ्रेम, हवेत २२. नडगी मागे झुकलेली जेमतेम ५ अंश, घोटा गुडघ्याच्या साडेतीन सेंटिमीटर पुढे. टाच अजूनही आधीच टेकत होती, पण सपाट, पंजा फारसा वर नाही. आवाज गेला होता.

आता यांत्रिक हिशेब करून पाहू, कारण इथेच बहुतेक जण चुकीचे समजतात. धावताना सरासरी काढली तर जमिनीने आपल्याला पूर्ण वजनाइतके उचललेच पाहिजे, नाहीतर आपण जमिनीत जाऊ. पण पाय जमिनीवर असतो तो थोडाच वेळ, म्हणून तेवढ्या वेळात त्याला जास्त उचलावे लागते. आधी ९२ फ्रेमचे काम ६८ फ्रेममध्ये होत होते, म्हणजे टेकलेल्या पायावर सरासरी १.३५ पट वजन, ८४ किलो. नंतर ८८ फ्रेमचे काम ६६ मध्ये: १.३३ पट, ८३ किलो. फरक एका किलोचा. म्हणजे "केडन्स वाढवला की झटका निम्मा होतो" असे जे सांगतात ते खरे नाही. वरून खाली येणारा भार जवळपास तेवढाच राहतो, आणि किलोमीटरला पावले तर ८५८ वरून ९०२ होतात, चव्वेचाळीस जास्त.

मग फायदा कुठून आला? पाऊल कुठे पडले त्यावरून. आठ सेंटिमीटर पुढे पडणारा घोटा साडेतीनवर आला, ब्रेक लहान झाला, गुडघा टेकतानाच थोडा वाकलेला राहिला आणि पंजाला लगाम लावायचे काम कमी झाले. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच मोजले होते: वेग तोच ठेवून पावले पाच टक्के वाढवली तेव्हाच गुडघ्याला शोषावी लागणारी ऊर्जा घटली, आणि खुब्याची घटायला दहा टक्के वाढवावी लागली. म्हणून मी पाचापासून सुरुवात करतो. दहा टक्क्यांना दम आधी लागतो आणि पोरगा चार दिवसांत सोडून देतो.

पावले वाढवायची पद्धत

मोबाइलवर ठरलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या मेट्रोनोमचे फुकट अॅप मिळते. त्यात आपला आकडा, समजा १६४, लावा. प्रत्येक टिकला एक पाऊल. सडकेवर धावत असाल तर कानात इअरफोन घालू नका, मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही. फोन हातात धरा किंवा सायकलवरच्या सोबत्याला द्या.

पहिल्या आठवड्यात पूर्ण धाव टिकटिकीवर काढायची नाही. एक मिनिट टिकवर, दोन मिनिटे नेहमीसारखे, असे सहा वेळा, आठवड्यात तीन दिवस. दुसऱ्या आठवड्यात तीन मिनिटे टिकवर आणि एक मिनिट मोकळे, पाच वेळा. तिसऱ्यात टिक फक्त सुरुवातीची दोन मिनिटे ऐका, मग बंद करा आणि दहा मिनिटांनी सोबत्याला न सांगता मोजू द्या. आकडा ४१ वरून परत ३९-४० वर घसरला असेल तर त्याच आठवड्यात आणखी राहा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात टिक मधूनमधून फक्त तपासायला.

यात एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. टिक लागली की पावले वाढतात, पण आखूड होत नाहीत आणि वेग वाढतो. मग दम लागतो आणि पोरगा म्हणतो, "दादा, हे आपल्यानं नाही होत." म्हणून चुन्याच्या त्या दोन रेघा सोडू नका. ३३ सेकंदांऐवजी ३१ लागले तर टिक बरोबर असली तरी व्यायाम चुकला. वेग आवरायला मी सांगतो, "पाऊल अंगाखाली ठेव, पुढं टाकू नको." एवढे एकच वाक्य पुरते. गुडघा उचल, हात असे हलव, छाती काढ असे सगळे एकदम सांगितले तर पोरगा लाकडासारखा धावू लागतो.

दुसरी चूक उलट दिशेची. आखूड पावले टाकताना काही जण जागच्या जागी उडी मारल्यासारखे टापटाप करतात. तेव्हा डोके वरखाली जास्त होते. बाजूच्या व्हिडिओत मागची झाडे किंवा विजेची तार खूण धरा. डोके त्या खुणेच्या वरखाली उडताना दिसले तर पावले पुढे जाण्याऐवजी वर जात आहेत.

एवढे सगळे करून आकडा १८० का नाही, असे विचारणारे भेटतात. हा १८० आला जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाकडून. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावले मोजली आणि जवळपास सगळे मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त निघाले. पण ते ऑलिंपिकच्या शर्यतीत, शर्यतीच्या वेगात धावत होते. साडेपाच मिनिटांच्या किलोमीटरला तुमचा १६४ आणि १६०० मीटरच्या शर्यतीत १८५ असणे यात काहीच विसंगत नाही. उंच पोरांचा आकडा थोडा कमी राहतो. सावकाश धावतानाच तुमचा केडन्स १७० च्या वर असेल आणि घोटा गुडघ्याखाली पडत असेल, तर हा लेख तुमच्या नडगीसाठी नाही. दुखीचे कारण मग अंतर एकदम वाढवणे किंवा बूट यात शोधा.

कॉन्टॅक्ट टाइमच्या मागे का लागायचे नाही

वरच्या उदाहरणात कॉन्टॅक्ट टाइम दोन फ्रेमनी घटला, पण त्यासाठी आम्ही काहीच केले नव्हते. तो असाच घटतो, केडन्स आणि वेगाच्या मागे. काही जण घड्याळात आकडा बघून मुद्दाम पाय "गरम तव्यावरून उचलल्यासारखा" उचलतात. त्यात काय होते ते वरच्याच हिशेबाने कळते. वेग आणि केडन्स तोच ठेवून जमिनीवरचा वेळ ६६ वरून ६० फ्रेम केला तर ८८ भागिले ६०, म्हणजे १.४७ पट: ८३ किलोचे ९१ झाले. तेवढेच काम कमी वेळात करायचे म्हणून प्रत्येक टेकीला जोर जास्त लागतो, आणि तो लागतो पोटरीला. स्नायू आणि शीर तेवढी तयार नसेल तर थकवा वाढतो.

तयारी झाली की मात्र हाच कमी वेळ उपयोगी पडतो. भरतीच्या १६०० मीटरला ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे सेकंदाला ५.१६ मीटर. १८० पावलांवर एक पाऊल १ मीटर ७२ सेंटिमीटरचे पडते, १९० वर १ मीटर ६३ चे. म्हणजे शर्यतीत पाऊल लांबच हवे. ते पुढे फेकून नव्हे, मागे ढकलून लांब करायचे. त्यासाठी पोटरी आणि टाचेमागची शीर स्प्रिंगसारखी ताठ लागते. नडगी शांत झाल्यावर दोरीच्या उड्या, ३० सेकंदांचे सहा सेट, आठवड्यात दोनदा. आणि टेकडीच्या चढावर दहा सेकंदांच्या सहा-आठ झेपा. चढावर पाऊल पुढे फेकताच येत नाही, म्हणून ती ओव्हरस्ट्राइडवरही चांगली शाळा आहे. दोन महिन्यांनी मोजले तर कॉन्टॅक्ट टाइम आपोआप खाली आलेला असतो.

आणि चवडा?

चवड्यावर पडले की टाच-घोट्यातला पहिला झटका नाहीसा होतो, हे खरे. पण तेव्हा टाच खाली जाऊ न देण्याचे काम पोटरीवर येते. घोट्याच्या सांध्यापासून चवडा जितका दूर, त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर टाचेमागची शीर मागे जोडलेली असते. तरफेच्या हिशेबाने त्या शिरेला चवड्यावरच्या भाराच्या दुपटीहून जास्त ओढावे लागते. टाचेवर पडणाऱ्यालाही पाऊल सुटताना हा भार येतोच, चवड्यावाल्याला तो टेकल्या क्षणापासून येतो. म्हणून गुडघ्याचे ओझे उतरते आणि पोटरीचे चढते.

"अनवाणी माणूस चवड्यावरच धावतो" हेही अर्धे खरे. कडक जमिनीवर जोरात धावताना बहुतेक जण तसे करतात. पण उत्तर केनियातले दासानाच लोक जन्मभर अनवाणी राहूनही सावकाश धावताना बहुतांशी टाचेवर पडतात, हे मोजलेले आहे. गुडघ्याची जुनी दुखी हटतच नसेल आणि केडन्स बदलूनही फरक पडत नसेल, तेव्हाच फूट स्ट्राइककडे जा, तेही दोन-तीन महिने हातात असताना. सुरुवात दिवसाला पाच मिनिटांनी, आणि सकाळी पहिल्या पावलाला टाचेमागे ताठरपणा वाटला तर त्या दिवशी चवडा बंद.

कुठे थांबायचे

पसरलेली नडगीची दुखी या पद्धतीने तीन-चार आठवड्यांत उतरायला लागते. अंतर तेव्हा निम्मे करा, शून्य नाही. पण बोट ठेवले की एकाच ठिकाणी कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारली की कळ मस्तकात जात असेल, तर ती हाडाची बारीक चीर असू शकते. तिथे केडन्सचा उपयोग नाही. धावणे बंद करून हाडाच्या डॉक्टरकडे जा, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये काही दिसले नाही तरी "काही नाही" समजून परत सडकेवर उतरू नका, कारण सुरुवातीला ती चीर एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही.

आमच्या त्या पोराची दुखी चौथ्या आठवड्यात ओसरली. सातव्या आठवड्यात त्याने १६०० मीटर ५ मिनिटे ३१ सेकंदांत मारले. शेवटच्या चारशे मीटरमध्ये मात्र त्याची ढांग परत पुढे जाऊ लागली होती आणि तो "फट्‌ फट्‌" आवाज आला. आता आम्ही आठवड्यातून एकदा थकलेल्या पायांनी शेवटचे ४०० मीटर टिकटिकीवर काढतो.